टीएचपी-१ मध्ये जीन घालायचं आहे: लिपिड, वीज की विषाणू?

रामदासपेठकर
नमस्कार मंडळी. आमच्या जीनची लांबी २.४ केबी. त्याच्या शेपटीला जीएफपी जोडून पीसीडीएनए-३.१ मध्ये बसवलंय, सगळं प्लास्मिड साधारण ८.५ केबी. २९३टी पेशींत लिपिड रिएजंटने टाकलं तर २४ तासांत ८५ टक्के हिरव्या. तोच प्रोटोकॉल टीएचपी-१ वर केला (२४ वेलची प्लेट, वेलला २ लाख पेशी, ५०० नॅनोग्रॅम डीएनए, दीड मायक्रोलिटर रिएजंट, दोन्ही सीरमविरहित माध्यमात ५०-५० मायक्रोलिटर) तर ३ टक्के हिरव्या आणि ट्रायपॅन ब्लूने पाहिलं तर ४० टक्के मेलेल्या. नंतर या पेशींना पीएमए देऊन मॅक्रोफेज करायचंय, आणि प्रथिन एकूण तीन आठवडे टिकायला हवं. इलेक्ट्रोपोरेशनचं यंत्र शेजारच्या विभागात आहे. लेंटीव्हायरस कधी केला नाही. तिघांतलं काय धरावं?

महालचा_मामा
अरे भाऊ, रिएजंट वाढव. दीडचे तीन मायक्रोलिटर कर, डीएनए एक मायक्रोग्रॅम कर. आणि लेंटीच्या भानगडीत पडू नको, ८.५ केबीचं प्लास्मिड त्यात मावत नाही. मर्यादा आठ-नऊची असते, तू काठावर आहेस.

तर्री_मारके
मामा पोह्यावर तर्री वाढवावी तसं रिएजंट वाढवून राहिले.

कापूसवाला
आमच्याकडे कपाशीत अ‍ॅग्रोबॅक्टेरियम सगळ्यांत भरवशाचा. नाही जमलं तर जीन गन. लिपिडचा तर कधी विचारही केला नाही. कोणत्या वाणात करून राहिले?

रामदासपेठकर
@कापूसवाला, वाण माणसाचा आहे, रक्तातल्या मोनोसाइटचा :) टीएचपी-१ ही ल्युकेमियाची सेल लाइन.

कापूसवाला
हात्तिच्या. मी "टीएचपी" म्हणजे नवीन संकर समजलो. वाचतो गुपचूप.

मृणाल_व
मामांच्या दोन्ही मुद्द्यांत अर्धं-अर्धं बरोबर आहे, म्हणून आधी ते सोडवते.

रिएजंट वाढवलं तर हिरव्यांपेक्षा मेलेल्या जास्त वाढतील. लिपिडचा गोळा पेशीत शिरतो तो एंडोसायटोसिसने, तिथून डीएनए सायटोप्लाझममध्ये सुटतो, आणि केंद्रकात पोचायला बहुतेक वेळा पेशीचं विभाजन व्हावं लागतं. २९३टी रोज दुप्पट होतात, शिवाय त्यांच्यात लार्ज टी अँटिजन आहे. तुमच्या प्लास्मिडवरच्या एसव्ही-४० ओरिजिनवरून ते प्लास्मिडच्या प्रती वाढवतं. म्हणजे ८५ टक्के हा आकडा २९३टीच्या कृपेचा आहे, तुमच्या प्रोटोकॉलच्या नव्हे. टीएचपी-१ ला दुप्पट व्हायला दीड ते दोन दिवस लागतात, त्या तरंगतात म्हणून गोळे त्यांच्यावर नीट बसत नाहीत, आणि मुख्य म्हणजे त्या मोनोसाइट आहेत. सायटोप्लाझममध्ये परका डीएनए दिसला की सीगॅस-स्टिंग जागं होतं, इंटरफेरॉन सुटतो, बऱ्याच पेशी मरतात. २९३टीत ही यंत्रणा जवळपास झोपलेलीच असते.

एक गोष्ट आजच तपासा: प्लास्मिड कोणत्या किटने काढलंय? साध्या मिनीप्रेपमध्ये जिवाणूंचं एंडोटॉक्सिन उरतं. २९३टीला त्याचं काही वाटत नाही, टीएचपी-१ मात्र त्यावर लगेच भडकतात. एंडोटॉक्सिन-मुक्त किटचा डीएनए नसेल तर तुमचे ४० टक्के लिपिडने मेले की एंडोटॉक्सिनने बिथरले, हे सांगताच येणार नाही. फक्त रिएजंट, डीएनए नाही, अशी एक वेल लावा. तिथेही तितक्याच मेल्या तर दोष लिपिडचा.

मर्यादेचं पुढच्या प्रतिसादात लिहिते, ते जरा सविस्तर आहे.

विजेरी
तोवर विजेची बाजू मांडतो. टीएचपी-१ वर लिपिडपेक्षा इलेक्ट्रोपोरेशन निश्चित बरं. साधं एक्स्पोनेन्शियल डिकेचं यंत्र असेल तर ०.४ सेंटीमीटरची क्युव्हेट, २५० व्होल्ट, ९५० मायक्रोफॅरड इथून सुरुवात करा. १ कोटी पेशी सीरमविरहित माध्यमात ४०० मायक्रोलिटर, डीएनए १० ते २० मायक्रोग्रॅम.

पल्स झाल्यावर यंत्र टाइम कॉन्स्टंट दाखवतं, तो वहीत लिहाच. या मांडणीत तो साधारण २० ते ३० मिलिसेकंदांत यावा. बराच कमी आला तर द्रवात मीठ जास्त आहे असं समजा, बहुतेक डीएनए टीईऐवजी मीठ असलेल्या बफरमध्ये विरघळवलेला असतो किंवा त्याचं आकारमान जास्त झालेलं असतं. डीएनए पाण्यात घ्या आणि एकूण द्रवाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. "टक्" असा आवाज झाला तर ठिणगी पडली, ती क्युव्हेट फेकून द्या. कारण बुडबुडा, मीठ, नाहीतर क्युव्हेटच्या बाहेरच्या धातूवर राहिलेलं पाणी. बर्फातून काढलेली क्युव्हेट आपल्याकडे पावसाळ्यात लगेच घामेजते, पुसल्याशिवाय खाचेत घालू नका.

पल्सनंतर वर पांढरा फेस दिसतो, तो फुटलेल्या पेशींचा. तो सोडून खालचं द्रव ड्रॉपरने अलगद उचला आणि आधीच ३७ अंशावर ठेवलेल्या, २० टक्के एफबीएसच्या, अँटिबायोटिक नसलेल्या माध्यमात सोडा. भोकं उघडी असताना अँटिबायोटिकही आत शिरतं आणि पेशी मरतात. हे काम दहा मिनिटं लांबवलं की अर्धं नुकसान तिथेच झालं.

न्यूरॉन_नागपूर
प्रश्न माझाही आहे, थोडा वेगळा. उंदराचे प्रायमरी कॉर्टिकल न्यूरॉन, सात दिवसांचे, चिकटलेले. लिपिडने एक-दोन टक्केच मिळतात. विजेरी म्हणतात तसं क्युव्हेटमध्ये घालायचे तर डिशमधून सोडवावे लागतील ना?

विजेरी
@न्यूरॉन, सात दिवसांचे न्यूरॉन सोडवले तर फांद्याच तुटतात, मग उरलं काय? क्युव्हेट वापरायची तर पेरण्याआधी, पेशी सुट्या असतानाच. नंतरसाठी एएव्ही. पण एएव्हीत साधारण ४.७ केबीच मावतं, दोन्ही टोकांच्या आयटीआर धरून.

मृणाल_व
@न्यूरॉन, शिवाय एक-दोन टक्के हा कधीकधी फायदा असतो. एका न्यूरॉनच्या फांद्या मोजायच्या असतील तर शेजारचे काळेच बरे. पण हा वेगळा धागा काढा, नाहीतर इथली गाडी सीताबर्डीच्या गर्दीत अडकेल.

आता मर्यादा. लेंटीव्हायरसच्या कणात प्लास्मिड जात नाही, त्यावरून बनलेला आरएनए जातो, तोही एका एलटीआरपासून दुसऱ्या एलटीआरपर्यंतचाच. त्यामुळे प्लास्मिड ८.५ केबीचं असो की १२ चं, मोजायचं आहे ते दोन एलटीआरमधलं अंतर. पीसीडीएनए-३.१ चा सांगाडा ५.४ केबीचा, तो या हिशोबात येतच नाही. पण त्याच कारणाने तुमचं आत्ताचं प्लास्मिड थेट पॅकेज होणार नाही, त्यात ना एलटीआर, ना पॅकेजिंगची खूण. जीन लेंटी ट्रान्सफर व्हेक्टरमध्ये हलवावा लागेल.

हलवताना हिशोब असा. जीन आणि जीएफपी मिळून ३.१ केबी. प्रवर्तक म्हणून पूर्ण ईएफ-१ अल्फा घेतला तर १.२ केबी. त्यापुढे आयआरईएस ०.६ आणि प्युरोमायसिनचा जीन ०.६. झाले साडेपाच. विषाणूचे स्वतःचे तुकडे, म्हणजे एलटीआर, आरआरई, डब्ल्यूपीआरई वगैरे, आणखी अडीच-तीन केबी. एकूण आठच्या वर गेलात, मामांचा काठ खरा झाला. काठावर विषाणू बनतच नाही असं नाही, पण टायटर घसरत जातं. आता छोटा ईएफएस प्रवर्तक घ्या, पाव केबीचा, आणि आयआरईएसऐवजी टी-२-ए, ६० बेसच्या आसपास. एकूण साडेसहा-सातवर येता. सीएमव्ही प्रवर्तक मात्र टाळा, मायलॉइड पेशींत तो आठवड्या-दोन आठवड्यांत गप्प पडण्याची सवय आहे, आणि तुम्हाला तर तीन आठवडे हवेत.

आणखी एक फसगत. पीसीडीएनएमधून कापताना जीनच्या मागचा पॉलीए सिग्नल सोबत येऊ देऊ नका. विषाणूचा आरएनए तिथेच तुटतो आणि टायटर का पडलं याचा शोध घेत महिना जातो.

महालचा_मामा
प्लास्मिडचा आकार आणि एलटीआरमधला आकार, हे मी आजवर एकच समजत होतो. मान्य. पण एवढं क्लोनिंग करण्यापेक्षा जी-४१८ लावून पीसीडीएनएचीच स्थिर लाइन का काढू नये? निओमायसिन प्रतिकार आहेच त्यात.

मृणाल_व
काढता येते. पण ३ टक्क्यांतल्या जेमतेम एखाद्या टक्क्यात प्लास्मिड गुणसूत्रात जोडलं जातं, तेही कुठेही तुटून. जीनच्या मधोमध तुटलं तर पेशी जी-४१८ मध्ये जगते आणि प्रथिन देत नाही. न जोडलेलं प्लास्मिड तर प्रत्येक विभाजनाला निम्मं होतं. दोन दिवसांत एक विभाजन धरा, तीन आठवड्यांत दहा विभाजनं, म्हणजे हजाराव्या भागाइतकं उरलं. वीज वापरली तरी हाच हिशोब.

विजेरी
तिथे माझं मत वेगळं आहे. विजेने प्लास्मिड न घालता कॅस-९ प्रथिन आणि गाइड आरएनए घालून जीन सुरक्षित जागी बसवावा. आरएनपी सायटोप्लाझममध्ये एक-दोन दिवसांत मोडून जातं, सीगॅस त्याच्यावर भडकत नाही, आणि जीन कुठे बसला हे माहीत असतं. लेंटी कुठेही बसतो.

मृणाल_व
गाइड आणि प्रथिनापुरतं खरं. पण ३ केबीचा जीन बसवायचा तर डोनर डीएनए द्यावाच लागणार, आणि सीगॅसला तो दिसणारच. जीन काढून टाकायचा असता तर मी स्वतः वीज सुचवली असती, टीएचपी-१ मध्ये आरएनपी छान चालतं. घालायचा आहे म्हणून विषाणू.

विजेरी
डोनर एएव्हीने देतात लोक.

मृणाल_व
मग विषाणू आलाच की हो दारात.

तर्री_मारके
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. विजेरीभाऊ, टाइम कॉन्स्टंट उतरून राहिला तुमचा.

रामदासपेठकर
विजेरी, तुमच्या आकड्यांनी काल यंत्रावर एकदा केलं. टाइम कॉन्स्टंट २३ मिलिसेकंद. २४ तासांनी फ्लोवर ४० टक्के हिरव्या! ३ वरून ४० म्हणजे झालंच की काम?

मृणाल_व
४० टक्के कशातले? जिवंतांतले ना? किती जगल्या?

रामदासपेठकर
साधारण ३० टक्के. १ कोटी घातल्या, ३० लाख जिवंत.

मृणाल_व
म्हणजे घातलेल्यांतल्या १२ टक्के. लिपिडचे ३ टक्केही जिवंत ६० टक्क्यांतले होते, तर तिथे दोनच्या खाली. वीज सहा-सात पट सरस ठरलीच, विजेरींचं म्हणणं खोटं नाही. पण जगलेल्या ३० लाखांना पीएमए देण्याआधी एका गोष्टीची खात्री करा: नुसता पल्स, डीएनए नाही, अशा पेशींत टीएनएफ वाढला का? मॅक्रोफेजच्या प्रयोगात आधीच उत्तेजित झालेली पेशी म्हणजे चुलीवर ठेवण्याआधीच उतू गेलेलं दूध.

रामदासपेठकर
ठीक, लेंटीकडे वळतो. २९३टी तर आमच्याकडे आहेतच. पॅकेजिंग कसं करतात, प्रमाणं सांगाल?

मृणाल_व
गंमत बघा, लेंटी बनवायला लिपिड किंवा पीईआयच लागतं, त्यामुळे २९३टीवरचा तुमचा हात वाया गेला नाही.

१० सेंटीमीटर डिशमध्ये आदल्या दिवशी ४५ लाख २९३टी पेरा, दुसऱ्या दिवशी ७०-८० टक्के भरलेली असावी. ट्रान्सफर प्लास्मिड १० मायक्रोग्रॅम, `psPAX2` ७.५, `pMD2.G` २.५. एक मिली सीरमविरहित माध्यमात हे २० मायक्रोग्रॅम, वरून १ मिलिग्रॅम प्रति मिलीचं पीईआय ६० मायक्रोलिटर, लगेच व्होर्टेक्स, १५ मिनिटं थांबा, थेंब-थेंब सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी माध्यम बदला. २९३टी हलक्या पायाच्या असतात, थंड माध्यम मधोमध ओतलं की चादरीसारख्या सुटून येतात. कोमट माध्यम डिशच्या कडेने सोडा.

४८ तासांनी डिश सूक्ष्मदर्शकाखाली धरा. पेशी एकमेकींत मिसळून मोठे, अनेक केंद्रकांचे गोळे झालेले दिसले तर घाबरू नका, ते व्हीएसव्ही-जी प्रथिनाचं काम आहे आणि शुभशकुन आहे. हिरव्या असूनही एकही गोळा नसेल तर `pMD2.G` ची नळी तपासा. ४८ आणि ७२ तासांचं माध्यम गोळा करा, ५०० जी वर दहा मिनिटं फिरवून पेशी खाली बसवा, मग ०.४५ मायक्रॉनच्या पीईएस फिल्टरमधून गाळा. नायट्रोसेल्युलोजचा नको, विषाणू त्यालाच चिकटून बसतो. ०.२२ चाही नको. लहान वाटे करून उणे ८० ला, प्रत्येक वितळवण्याला टायटर पडतं.

ट्रान्सफर प्लास्मिड वाढवताना स्टेबल-३ जातीचे जिवाणू आणि ३० अंश. साध्या डीएच-५-अल्फात दोन एलटीआर आपसांत जुळून मधला जीनच गळतो. दर वेळी एक पाचन करून जेलवर बघा.

बजाजनगर_बायोटेक
हे सुरू करण्याआधी संस्थेच्या आयबीएससीची मंजुरी घ्या. बीएसएल-२ कॅबिनेट, काचेची पाश्चर पिपेट बंद, सगळा द्रव कचरा १० टक्के ब्लीचमध्ये अर्धा तास, सेंट्रिफ्यूजच्या बादल्यांना झाकणं. कण स्वतः वाढू शकत नाहीत हे खरं, पण तुमचा जीन पेशीवाढीचा असेल तर बोटात सुई टोचणं वेगळीच गोष्ट होते.

रामदासपेठकर
अर्ज या महिन्याच्या बैठकीत ठेवतो. जीन पेशीवाढीचा नाही. (क्लोनिंग तोवर होईल.)

रामदासपेठकर
अडीच महिन्यांनी परत येतोय. विषाणू बनला, गोळेही दिसले. १ लाख टीएचपी-१ वर, ८ मायक्रोग्रॅम प्रति मिली पॉलिब्रीन घालून, तीन प्रमाणं लावली. चौथ्या दिवशी फ्लो: ५० मायक्रोलिटरला १५ टक्के, २०० ला ४८, ५०० ला ८०. टायटर काढलं तर तिन्हींतून वेगळं येतं. कुठे चुकलो?

मृणाल_व
कुठेच नाही, आकडे सुंदर आहेत. सूत्र एवढंच:

```
TU/ml = पेशी × हिरव्यांचा अंश ÷ मिली
100000 × 0.15 ÷ 0.05 = 300000
100000 × 0.48 ÷ 0.2  = 240000
100000 × 0.80 ÷ 0.5  = 160000
```

विषाणू वाढवला की काही पेशींत दोन-तीन कण शिरतात, पण फ्लोला ती पेशी एकच हिरवी दिसते. म्हणून खालच्या दोन ओळी कमी दाखवतात. १५ टक्क्यांची ओळ धरा, २० च्या खालचीच नेहमी धरायची. ५०० मायक्रोलिटरला सरळ हिशोबाने १५० टक्के यायला हवे होते, ते शक्यच नाही. पॉइसॉनने बघाल तर ५० ला पेशीमागे ०.१६ कण, त्याच्या दहापट १.६, आणि १.६ ला ८० टक्के हिरव्या. तुमचे तिन्ही आकडे एकमेकांशी जुळतात.

प्रयोगासाठी ५० चीच वेल वापरा. तिच्यातल्या बहुतेक हिरव्या पेशींत एकच प्रत असेल. ८० टक्क्यांची वेल दिसायला भारी, पण कोणत्या पेशीत एक आणि कोणत्या पेशीत चार प्रती, कळणार नाही.

शिवाय तीच पेशी आठवड्याने पुन्हा मोजा. विषाणूसोबत वाहून आलेलं प्लास्मिड आणि तयार जीएफपी पहिल्या दिवसांत खोटा हिरवा रंग देतात. आठवड्याने १५ चे ७ झाले तर टायटरही निम्मंच होतं असं समजा.

प्युरोमायसिन लावण्याआधी विषाणू न दिलेल्या पेशींवर ०.२५ ते २ मायक्रोग्रॅमची मालिका लावा, तीन दिवसांत सगळ्या मारणारं सगळ्यांत कमी प्रमाण घ्या. आणि क्रम बिघडवू नका: आधी विषाणू, मग निवड, शेवटी पीएमए. पीएमए दिल्यावर पेशी विभाजन थांबवतात, त्यांच्यातलं सॅमएचडी-१ जागं होतं आणि विषाणूला लागणारे न्यूक्लिओटाइड संपवतं. तिथे लेंटी अडतो.

महालचा_मामा
स्पिनफेक्शन केलं का रे? ९० मिनिटं ८०० जी ला फिरवलं की १५ चे ३० सहज होतात.

रामदासपेठकर
केलं नाही मामा. आमचा सेंट्रिफ्यूज थंड होणारा नाही. मे महिन्यात खोलीतच ३४, रोटर फिरून आत ४० च्या वर गेला असता.

विजेरी
बरं केलं. पण इन्क्युबेटर? खोली ३४ वर असेल तर ३७ चा इन्क्युबेटरही वर सरकतो, त्याला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. आत वेगळा थर्मामीटर पाण्याच्या बाटलीत ठेवून बघ, पडद्यावरच्या आकड्यावर जाऊ नको.

रामदासपेठकर
ठेवला. ३८.४ दाखवतोय.

तर्री_मारके
पेशीलाही नागपूरचा उन्हाळा लागून राहिला बे!

मृणाल_व
एसी दुरुस्त होईपर्यंत प्युरोची मालिका लावू नका, मेल्या त्या औषधाने की तापाने, कळणार नाही. पॉलिब्रीनऐवजी प्रोटामाइन सल्फेट बरं का, यावर मात्र मला कुणी ठाम सांगितलेलं नाही. ज्यांनी टीएचपी-१ वर दोन्ही शेजारी-शेजारी लावलंय त्यांनी आकडे टाका.

न्यूरॉन_नागपूर
मी वेगळा धागा काढलाय, विजेरी, एएव्हीवर तिथे या ना.